पहिल्याच महिन्यात प्रोटीन पावडर: जिमच्या नवशिक्यांनी या चुका टाळाव्यात

पुण्यात शिकायला आलेला, ६२ किलो वजनाचा, मेसवर जेवणारा एक तरुण सल्ल्यासाठी माझ्याकडे आला होता. जिमला जाऊ लागून त्याला दोन महिने झाले होते, आणि नाव नोंदवल्यानंतर चौथ्याच दिवशी त्याने २४०० रुपयांचा एक किलो व्हे प्रोटीनचा डबा विकत घेतला होता. तो रोज दोन स्कूप घेत होता, तरी वजन जागचे हलत नव्हते, पोट सतत फुगलेले राहत होते आणि सकाळी दोन-तीनदा शौचाला जावे लागत होते. पावडर बनावट असावी अशी त्याला शंका होती. तपासून पाहिले तेव्हा डबा ठीक होता; चुका इतरत्र होत्या, आणि त्यातील बहुतेक चुका मी नवशिक्यांमध्ये वारंवार पाहतो.

आधी पावडर, मग हिशेब

पहिली चूक म्हणजे आपण दिवसभरात किती प्रथिने खातो हे न मोजताच कमतरता आहे असे धरून चालणे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ व्यक्तीसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्याची गरज त्याहून अधिक असते, हे खरे आहे. मात्र दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे गेल्यास स्नायूंच्या वाढीत विशेष भर पडत नाही, असे आजवरच्या अभ्यासांचे एकंदर चित्र आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्या नवशिक्यासाठी १.२ ते १.४ ग्रॅमचे लक्ष्य मला पुरेसे वाटते. म्हणजे ६२ किलोच्या या तरुणाला रोज ७५ ते ८५ ग्रॅम प्रथिने हवी होती.

पावडर सुरू करण्यापूर्वी तो काय खात होता, ते आम्ही कागदावर मांडले. सकाळी शेंगदाणे घातलेल्या पोह्यांची एक बशी, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम प्रथिने. दोन वेळच्या दुधाच्या चहातून ३ ग्रॅम. दुपारी चार पोळ्या, पातळ वरणाची एक वाटी, भात आणि भाजी यांतून साधारण २२ ग्रॅम, आणि रात्रीच्या तशाच ताटातून पुन्हा २२ ग्रॅम. एकूण ५२ ग्रॅम झाले. अनेकांना हे वाचून आश्चर्य वाटते, कारण पोळीत प्रथिने असतात हे कोणी मोजतच नाही. प्रत्यक्षात या ताटातील सर्वांत मोठा वाटा चार पोळ्यांचाच होता, प्रत्येकी सुमारे ३ ग्रॅम. उणीव होती ती २५ ते ३० ग्रॅमची, आणि तो पावडरीतून घेत होता ४८ ग्रॅम.

हिशेब करताना कच्चे आणि शिजलेले यांची गल्लत होऊ देऊ नये. शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात १९-२० ग्रॅम प्रथिने असतात, परंतु भिजवून शिजवल्यावर तेच हरभरे पाणी शोषून दुपटीहून जड होतात, त्यामुळे शंभर ग्रॅम उसळीतील हरभऱ्यांतून मिळणारी प्रथिने ८-९ ग्रॅमच भरतात. सोया वड्यांच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा असतो. म्हणून शिधा नेहमी कोरडा असताना वजन करावा आणि आकडा त्यावरूनच काढावा.

जेवणाच्या जागी स्कूप

या तरुणाची खरी अडचण येथे होती. सकाळी ३०० मिलिलिटर दुधात एक स्कूप घेतल्यावर त्याने पोहे बंद केले होते, आणि व्यायामानंतर पाण्यातून दुसरा स्कूप घेतल्यावर पोट भरल्यासारखे वाटत असल्याने रात्री चारऐवजी दोन पोळ्या खाऊन तो भात सोडत होता. त्याची प्रथिने ९५ ग्रॅमपर्यंत गेली होती, पण एकूण ऊर्जा जवळजवळ २०० कॅलरींनी घटली होती. एका स्कूपमध्ये सुमारे १२० कॅलरी असतात. पोह्यांच्या भरलेल्या बशीची जागा तो घेऊ शकत नाही. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनांचा काही भाग इंधन म्हणून वापरते, आणि वजन वाढवू पाहणाऱ्याचे महागडे प्रथिन अशा रीतीने पोळीभाताचे काम करू लागते.

ही चूक ओळखण्यासाठी आठवड्यातून तीनदा सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी वजन करावे आणि सरासरी लिहून ठेवावी. तीन आठवडे सरासरी स्थिर असेल आणि वजन वाढवायचे असेल, तर पावडर वाढवू नये. आधी जेवण वाढवावे. व्यायामातील वजने मात्र वेगळ्या नजरेने पाहावी लागतात. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत बहुतेक सर्वांची ताकद झपाट्याने वाढते, कारण मेंदू आणि मज्जासंस्था त्या हालचाली शिकत असतात. स्नायू अजून फारसे वाढलेले नसतात. नेमक्या याच काळात डबा सुरू झालेला असतो, आणि सारे श्रेय त्याला जाते.

पोट बिघडल्यावर चुकीच्या गोष्टीला दोष देणे

पोट फुगले की बहुतेक जण पावडरीचा ब्रँड बदलतात. त्याआधी ती कशात मिसळली जाते ते पाहावे. व्हे हा दुधापासून चीज करताना वेगळा होणाऱ्या पाण्याचा भाग असतो, त्यामुळे साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, थोडी उरलेली असते. एका स्कूपमध्ये ती सहसा एक ते तीन ग्रॅम भरते. पण ३०० मिलिलिटर दुधात ती सुमारे १४ ग्रॅम असते. आपल्याकडे अनेक प्रौढांना लॅक्टोज पूर्ण पचत नाही. असे लोकही एका वेळी १२ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण बहुधा फारसा त्रास न होता सोसतात, म्हणूनच चहातील दुधाने ज्याला काही होत नाही, त्याला मोठ्या पेल्यातील दूध आणि पावडर एकत्र घेतल्यावर त्रास होतो.

कारण शोधायचे असेल, तर टप्प्याटप्प्याने जावे. चार दिवस पावडर पाण्यातून घ्यावी, तीही अर्धा स्कूप. त्रास थांबला, तर कारण दूध किंवा एकदम घेतलेले मोठे प्रमाण होते असे समजावे. त्रास तसाच राहिला, तर पुढचे चार दिवस पावडर पूर्ण बंद ठेवावी. तेव्हा पोट शांत झाले, तर उरलेले लॅक्टोज, कृत्रिम गोडी किंवा घट्टपणासाठी घातलेले डिंक यांपैकी काहीतरी मानवत नसावे. अशा वेळी बिनचवीचे, कृत्रिम गोडी नसलेले आयसोलेट हा पर्याय असतो, कारण त्यात लॅक्टोज जवळजवळ नसते. मात्र त्याची किंमत अधिक असते. पावडर बंद करूनही पोट बिघडलेलेच राहिले, तर पावडरीचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. या तरुणाला तिसऱ्या दिवशीच आराम पडला. पुढे त्याला वाटीभर दहीही चालले, कारण विरजणातील जीवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खर्च करतात आणि उरलेला पचायला मदतही करतात.

घरच्या अन्नाने त्रास होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. पावडर सोडून एकदम दोन वाट्या हरभऱ्याची उसळ सुरू करणाऱ्याला गॅसचा त्रास होतोच, कारण कडधान्यांतील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यातील जीवाणू त्या आंबवतात. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे, मऊ शिजवावीत, आणि पाव वाटीपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावे. मोड आलेली मटकी व मूग तुलनेने हलके जातात. दुधात कच्ची अंडी फोडून पिण्याची तालमीतील जुनी सवय तर सोडूनच द्यावी; शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने कच्च्यापेक्षा कितीतरी चांगली पचतात आणि जंतुसंसर्गाचा धोकाही टळतो.

डब्याची किंमत पाहणे, प्रथिनांची न पाहणे

किंमत शंभर ग्रॅम प्रथिनांमागे काढावी. २४०० रुपयांच्या त्या डब्यात ३० स्कूप होते, प्रत्येकी २४ ग्रॅम प्रथिनांचे. म्हणजे ७२० ग्रॅम प्रथिने, आणि शंभर ग्रॅमना सुमारे ३३३ रुपये. अंडे सात रुपयांना धरले आणि त्यात ६ ग्रॅम प्रथिने मानली, तर तोच आकडा ११७ रुपये येतो. साठ रुपये लिटरच्या गाईच्या दुधासाठी तो १८५ ते १९० रुपये, आणि १६० रुपये किलोच्या फुटाण्यांसाठी सुमारे ८० रुपये होतो. सुट्या सोया वड्या १५० रुपये किलोने मिळाल्या, तर शंभर ग्रॅम प्रथिने तीस रुपयांच्या आत पडतात. दर गावोगाव बदलतील, पण हा क्रम सहसा बदलत नाही. डाळी-कडधान्यांतील प्रथिने दूध-अंड्यांच्या तुलनेत थोडी कमी पचतात, म्हणून शाकाहारी व्यक्तीने लक्ष्य पाच-दहा ग्रॅमने वाढवून धरावे. तरीही खर्चातील अंतर भरून निघत नाही. पनीर सुमारे सव्वादोनशे रुपयांपर्यंत जाते, आणि त्यासोबत बरेच स्निग्धही पोटात जाते.

सर्वांत वाईट सौदा म्हणजे मास गेनर. त्याचा डबा स्वस्त दिसतो, पण अनेक गेनरमध्ये शंभर ग्रॅम पावडरीत पंधरा-वीस ग्रॅमच प्रथिने असतात आणि उरलेला बहुतांश भाग माल्टोडेक्स्ट्रिन असतो, जो पचनानंतर साखरच होतो. ती ऊर्जा भात, केळी आणि शेंगदाण्यांतून फारच थोड्या पैशांत मिळते. लेबलावर ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळे घातलेले दिसले, तर तो व्हेचा डबाही नाकारावा. प्रथिनांच्या नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजला जातो, आणि ही स्वस्त द्रव्ये मिसळून तो आकडा फुगवता येतो.

पावडर कोणाला, आणि कोणाला नाही

मी पावडरीच्या विरोधात नाही. ज्याच्याकडे स्वयंपाकाची सोय नाही, जो अंडी खात नाही आणि ज्याला कडधान्ये सोसत नाहीत, त्याने उणीव भरण्यापुरता एक स्कूप घेणे योग्यच आहे. त्यासाठी व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाची घाई करण्याचे कारण नाही. दिवसाची बेरीज अधिक महत्त्वाची असते. मात्र मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा पूर्वीचा आजार किंवा घरात तसा इतिहास असेल, तर सीरम क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर सुरू करू नये. लघवीला सतत फेस येत असेल, तरीही हेच लागू होते.

या तरुणाने पोहे पुन्हा सुरू केले आणि त्यासोबत खोलीवर उकडलेली दोन अंडी, दुपारी वाटीभर दही आणि जिमला जाण्यापूर्वी ५० ग्रॅम फुटाणे अशी जोड दिली. त्यातून सुमारे २७ ग्रॅम प्रथिने वाढली, एकूण बेरीज ७९ ग्रॅम झाली आणि रोजचा जादा खर्च ३५ ते ४० रुपये आला. दोन स्कूपना तो १६० रुपये मोजत होता. रात्रीचे ताट पूर्ववत झाल्यावर दोन महिन्यांत त्याचे वजन दीड किलोने वाढले. डब्यात उरलेली पावडर तो पाण्यातून घेतो, पण फक्त रविवारी संध्याकाळी, जेव्हा मेस बंद असते.