उमेदवाराला टेक-होम टास्क देताय? मग या चुका टाळा

डेव्हलपरच्या भरतीत टेक-होम टास्क हे साधन चांगलं आहे, पण ते बनवताना बहुतेक जण तेच तेच घोळ घालतात. पहिला घोळ वेळेचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं.

"तीन तासांचं काम आहे" असं अंदाजाने सांगणं

एका कंपनीत बॅकएंड डेव्हलपरच्या भरतीसाठी आलेली उत्तरं तपासणाऱ्यांमध्ये मी होतो. टास्क होता, रजेचे अर्ज भरायची आणि मंजूर करायची छोटी सिस्टिम बनवा, साधारण तीन तास लागतील. हे तीन तास कुठून आले? टीम लीडने बसल्या जागी ठरवले होते. कुणीही तो टास्क स्वतः करून पाहिला नव्हता. लॉगिन, डेटाबेस, अर्जाच्या पायऱ्या, स्क्रीन हे सगळं कोऱ्या पानावरून तीन तासांत धड उभं राहत नाही.

एका उमेदवाराने सगळं पाठवलं. लॉगिन होतं, ईमेल जात होते, रंगसंगतीसुद्धा बदलता येत होती. दुसरीने अर्ज भरणं आणि मंजुरी एवढंच केलं, त्याला टेस्ट जोडल्या आणि खाली लिहिलं, "तीन तास झाले म्हणून थांबले. लॉगिन राहिलं आहे, ते असं करेन." तिला 'अपूर्ण' म्हणून नाकारलं. मी हरकत घेतली, पण निर्णय झाला होता. पहिल्याला घेतलं. पुढे बोलण्यात कळलं की त्याने त्या टास्कवर सलग काही रात्री घालवल्या होत्या. त्यात त्याची काही चूक नव्हती, स्पर्धाच तशी लावली होती. पण आमचं रोजचं काम होतं दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड वाचून त्यात नेमका बदल करायचं. ते त्याला जमेना आणि वर्षाच्या आत तो सोडून गेला.

म्हणजे त्या टास्कने मोजलं काय? कुणाकडे मोकळ्या रात्री जास्त आहेत, एवढंच. ज्याच्या घरी लहान मूल आहे किंवा जो सध्याची नोकरी सांभाळून अर्ज करतोय, तो इथे आधीच मागे पडतो.

माझी सवय अशी आहे. टास्क आधी दुसऱ्या टीममधल्या, तो विषय न पाहिलेल्या सहकाऱ्याला देतो आणि घड्याळ लावतो. त्याला पाऊण-एक तास लागला तर उमेदवाराला दोन तासांची मर्यादा सांगतो, कारण त्याला वातावरण नवं असतं आणि मनावर ताणही असतो. सहकाऱ्यालाच दोन तास लागले तर टास्क कापतो. सूचनेत स्पष्ट लिहितो: दोन तासांनी थांबा, राहिलेलं चार-पाच ओळींत लिहा. आणि हा शब्द तपासतानाही पाळतो. न मागितलेल्या गोष्टींना एकही गुण नाही, कितीही देखण्या असल्या तरी. उत्तर पाठवायला मात्र पुरता आठवडा देतो. "उद्या सकाळपर्यंत पाठवा" म्हणणाऱ्यांना घाई स्वतःची असते आणि ते ती दुसऱ्याच्या माथी मारतात.

नोकरीत नसलेलं काम टास्कमध्ये देणं

इंटरनेटवरून एखादं कोडं उचलायचं आणि पाठवून द्यायचं, हा नव्या मॅनेजरांचा आवडता शॉर्टकट. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली निवडीच्या पद्धतींवरचे जुने अभ्यास एकत्र केले, तेव्हा प्रत्यक्ष कामाच्या नमुन्याचा पुढच्या कामगिरीशी संबंध, 1 म्हणजे पूर्ण संबंध धरला तर, 0.54 दिसला होता. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये हिशोब पुन्हा मांडला तेव्हा तो 0.33 वर आला. हा आकडाही उपयोगी आहे, पण तो कामाच्या नमुन्याचा आहे. कोड्याला तो लावता येत नाही.

नमुना कुठून आणायचा? आपल्याच टीमने मागे दुरुस्त केलेल्या बगमधून. एक उदाहरण पूर्ण सांगतो. पेमेंटची फाइल वाचून यशस्वी व्यवहारांची बेरीज करणारा तीनशेक ओळींचा प्रोग्राम द्यायचा, एका कमांडने चालणारा, म्हणजे इन्स्टॉल करण्यातच तास जाणार नाही. तक्रार अशी की बेरीज जास्त येते. सोबत ही फाइल:

```
txn_id,amount,status
P-101,500,SUCCESS
P-102,1200,FAILED
P-102,1200,SUCCESS
P-101,500,SUCCESS
```

प्रोग्राम 2200 सांगतो, कारण P-101 दोनदा मोजला जातो. खरं उत्तर 1700. घाईत असणारा माणूस एकाच `txn_id` ची पहिली ओळ ठेवतो आणि बाकीच्या उडवतो. मग P-102 ची फक्त FAILED ओळ उरते आणि बेरीज 500 येते. नीट वाचणारा आधी यशस्वी ओळी निवडतो, मग दुहेरी काढतो. त्याहून पुढचा उमेदवार विचारतो की यशस्वी झालेला व्यवहार नंतर उलटला तर काय, आणि आपण काय गृहीत धरलं ते लिहून ठेवतो. चार ओळींच्या फाइलमध्ये माणूस वाचतो कसा, तपासतो कसा आणि शंका विचारतो का, हे तिन्ही दिसतं. रजेच्या त्या अख्ख्या सिस्टिममध्ये यातलं काहीच दिसलं नव्हतं.

उत्तरं आल्यावर निकष ठरवणं

पहिलं चकचकीत उत्तर पाहिलं की तेच मोजमाप होऊन बसतं. म्हणून निकष टास्क पाठवण्याआधी कागदावर हवेत, आणि प्रत्येक गुणाचा अर्थही. वरच्या टास्कसाठी मी चारच ठेवतो: उत्तर बरोबर आहे का, टेस्ट आहे का, बदल गरजेपुरता आहे का, टिपण स्पष्ट आहे का. टेस्टला 0 म्हणजे नाहीच, 1 म्हणजे फक्त दिलेल्या फाइलची, 2 म्हणजे FAILED नंतर SUCCESS येतं ती स्थिती वेगळी तपासली आहे. नावं झाकून दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यायचे, मगच एकमेकांशी बोलायचं. दोघांच्या गुणांत वारंवार मोठा फरक पडत असेल तर आधी निकषांची भाषा दुरुस्त करा, कारण तिचे दोन अर्थ निघत आहेत.

बाकीच्या चुका थोडक्यात. अर्ज आला की लगेच सगळ्यांना टास्क पाठवू नका. आधी अर्धा तास बोला आणि ज्यांना खरंच घेण्याचा विचार आहे अशा चार-पाच जणांनाच द्या. कंपनीचं चालू काम टास्क म्हणून फुकट करून घेऊ नका. ती सरळ लबाडी आहे. टास्क अर्ध्या दिवसाहून मोठा ठेवावाच लागत असेल तर पैसे द्या. नाकारलेल्यांनाही निकषांनुसार दोन ओळी कळवा. निकष लिहिलेले असतील तर त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आणि टास्कवर बोलणं झाल्याशिवाय निर्णय घेऊ नका. घरी काम कुणी केलं, कुणाची मदत घेतली, हे कागदावरून कळत नाही. मी अर्धा तास ठेवतो. उमेदवाराचाच कोड स्क्रीनवर उघडतो आणि एक छोटा बदल सांगतो: आता `REVERSED` अशी नवी स्थिती आली आहे, ती यात कुठे बसेल? ज्याने स्वतः लिहिलंय तो थेट त्या ओळीपाशी जातो. एखादा अडखळला तर त्याला वाचायला निवांत वेळ देतो, कारण आठवड्यापूर्वी लिहिलेला कोड कुणालाही चटकन आठवत नाही. पण वाचूनही आपण ती ओळ का लिहिली हे सांगता आलं नाही, तर लेखी गुण कितीही असोत, मी पुढे जात नाही.