‘जेवले की गं!’ इंग्रजीत कसं बसवलं

वडोदऱ्याला दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याच्या गप्पांचा व्हिडिओ काढला आणि परदेशातल्या नातवंडांसाठी खाली इंग्रजी ओळी घातल्या. अर्थ बरोबर होता, पण आत्या उगाच तुसडी वाटायला लागली. ना, की, गं गळाले होते ना! मग त्यांना प्रतिशब्द शोधणं सोडलं आणि वाक्यात ते काय काम करतात ते पाहिलं.

सून म्हणते, ‘तुम्ही जेवलाच नाहीत.’ आत्या म्हणते, ‘जेवले की गं!’ ‘आय एट’ ही नुसती माहिती झाली. इथला ‘की’ सुनेचं म्हणणं खोडतो. इंग्रजीत हे काम सहायक क्रियापदावर जोर देऊन होतं: ‘बट आय डिड ईट!’ ‘डिड’ तिरक्या अक्षरांत ठेवला.

‘येशील ना?’ सोपं: ‘यू विल कम, वोन्ट यू?’ ‘बस ना’ मध्ये मात्र खात्री करणं नाही, आग्रह आहे. तिथे ‘ओ कम ऑन, सिट’.

‘गं’साठी दरवेळी ‘डिअर’ घातलं की नाटकी वाटतं. एखाद्या ठिकाणी सुनेचं नाव घातलं, बाकी सोडून दिलं. बाईशी बोलतेय हे तेवढं हरवतंच.

शेवटी आवाज बंद करून भाचीला ओळी वाचायला दिल्या आणि विचारलं, ‘आत्या चिडलीय का गं?’ ‘छे, लाडात आहे की!’