परदेशी एजन्सीसाठी पडद्यामागून काम करताना या चुका टाळा

मी जळगावात बसून ऑस्ट्रेलियातल्या एका एजन्सीसाठी वर्डप्रेसच्या साइट बनवतो. नाव एजन्सीचं, काम माझं. यालाच व्हाइट-लेबल म्हणतात. धुळे-भुसावळची मुलं या कामाबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना माझं पहिलं मोठं काम सांगतो, कारण दोन्ही चुका मी त्यातच केल्या होत्या.

पहिली दराची. मी ५० तास धरले आणि ताशी २० डॉलरप्रमाणे १,००० डॉलर सांगितले. एजन्सीनं ती साइट ग्राहकाला ३,००० डॉलरला आधीच विकली होती, हे मला नंतर कळलं. त्यात डिझाइन, ग्राहकाशी रोजची बोलणी आणि त्यांचा नफा धरलेला होता, म्हणून माझ्या वाट्याला फार तर हजारच उरत होते. पुढे ग्राहकाच्या सूचना एजन्सीमार्फत तुकड्यातुकड्यानं येत राहिल्या. ८२ तास गेले, म्हणजे ताशी जेमतेम १२ डॉलर पडले. वाढीव पैसे मागितले, तर ते एजन्सीच्या नफ्यातून जाणार, म्हणून नकारच आला.

आता दर सांगण्याआधी मी विचारतो, की ग्राहकाला नेमकं काय कबूल केलंय आणि माझ्यासाठी किती रक्कम ठेवलीय. मग लिहून देतो: पानांचे इतके साचे, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीच्या सगळ्या सूचना एकाच यादीत. त्यापुढे ताशी २० डॉलर. हे आधीच लिहिलेलं असलं, की एजन्सी तोच तास ग्राहकाला स्वतःच्या दरानं लावू शकते. मग वाढीव कामात तिचाही फायदा होतो आणि आपल्यासाठी तीच ग्राहकाशी बोलते.

दुसरी चूक जास्त महागात पडली. थीमच्या `style.css` मध्ये `Author` समोर माझं नाव आणि `Author URI` समोर माझी वेबसाइट तशीच राहिली. ग्राहकाला ती सापडली आणि त्यानं मला थेट मेल केला. मी साधेपणानं 'हो, साइट मीच केली' असं उत्तर दिलं. एजन्सीला ते त्याच्याकडूनच समजलं आणि पुढचे दोन महिने मला काम आलं नाही. मी ग्राहक पळवत नव्हतो, पण हे त्यांना कसं कळणार? तो मेल उत्तर न देता त्याच दिवशी एजन्सीकडे पाठवायला हवा होता.

आता साइट सोपवण्याआधी `style.css` तपासतो, ॲडमिनचा ईमेल एजन्सीचा आहे ना ते बघतो आणि ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्यापुढे `/wp-json/wp/v2/users` टाकतो. तिथे लेख टाकणाऱ्यांची नावं उघड दिसतात. कोड गिटवर द्यायचा असेल तर हेही चालवतो:

```
git log --format='%an %ae' | sort -u
```

माझा जीमेल दिसला, तर कोड सोपवत नाही. गिटचं नाव-ईमेल कामाच्या पहिल्याच दिवशी एजन्सीनं दिलेलं लावायचं, कारण जुन्या नोंदींतलं नाव नंतर बदलायचं तर सगळा इतिहास पुन्हा लिहावा लागतो.