किराणा दुकानाचा ढोबळ आणि निव्वळ नफा कसा काढावा

नफा किती सुटतो असं विचारलं, तर दुकानदार बहुधा खरेदीवर चढवलेला टक्का सांगतो. ८० रुपयांना आणलेली वस्तू १०० ला विकली, की तो म्हणतो २५ टक्के. इथे टक्का विक्रीवर काढायचा आहे, म्हणजे २०.

१. महिन्याच्या सुरुवातीला आणि अखेरीला शटर ओढून माल मोजा. भाव खरेदीचा लावा, छापील नको. कंटाळवाणं काम आहे, पण याशिवाय पुढचे सगळे आकडे अंदाजपंचे. जीएसटी वेगळा भरत असाल तर खरेदी आणि विक्री दोन्ही कर वगळून धरा.

२. समजा सुरुवातीचा माल ३,२०,००० रुपयांचा, महिन्याची खरेदी टेम्पोभाड्यासकट ३,५५,००० आणि अखेरचा माल ३,२७,००० चा. म्हणजे ३,४८,००० चा माल गेला. विक्री उधारी धरून ४,००,०००. ढोबळ नफा ५२,०००, म्हणजे १३ टक्के.

३. आता घरी नेलेला माल आठवा. तेलाची पिशवी, साखर, साबण कुणी लिहून ठेवत नाही आणि हिशेब तिथेच फसतो. समजा या दुकानदाराच्या घरी महिन्याला ८,००० चा माल गेला होता. तो विकलेला नाही, म्हणून ३,४८,००० मधून वजा करा. ढोबळ नफा ६०,०००, म्हणजे १५ टक्के निघाला. दुकान कमी कमावत नव्हतं, घर त्यातून खात होतं.

४. मग खर्च: भाडं १२,०००, मदतनीस १०,०००, वीज ५,०००, पिशव्या-फोन ३,०००, कर्जाचं व्याज २,०००. एकूण ३२,०००. हप्त्यातलं मुद्दल खर्चात येत नाही. उरले २८,०००. पण दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याचा पगार? दुसरा माणूस ठेवला तर १५,००० द्यावे लागतील, तेवढे वजा करा. निव्वळ नफा १३,०००, सव्वातीन टक्के. गाळा स्वतःचा असला तरी भाडं असंच धरावं.

५. दोन्ही टक्के दर महिन्याला शेजारी शेजारी लिहा. समजा पुढच्या महिन्यात विक्री ३,४०,००० वर आली. ढोबळ १५ टक्केच राहिला, म्हणजे ५१,०००. खर्च मात्र पगारासह तेच ४७,०००. निव्वळ उरले ४,०००, सव्वा टक्क्याहूनही थोडे कमी. इथे भाव बरोबर आहेत, गिऱ्हाईक कमी झालंय. अशा वेळी भाव वाढवणं म्हणजे उरलेलं गिऱ्हाईकही घालवणं.

उलट विक्री तेवढीच असून ढोबळ टक्का घसरला, तर भाड्याशी भांडू नका. आधी सुट्या मालाचा काटा तपासा, मग किडलेली डाळ आणि मुदत संपलेली पाकिटं बघा. काहीच सापडलं नाही, तर तेल-साखरेसारख्या कमी नफा सुटणाऱ्या मालाची विक्री वाढली असेल. त्यात चोरी नसते, नुसती मालाची सरमिसळ बदललेली असते.

उधारी वसूल झाली की नाही, हे मात्र या दोन्ही आकड्यांत दिसत नाही. तिची वही वेगळी उघडून बघावी लागते.