झटपट पैसे काढण्याआधी शुल्काचा प्रकार बघा

ॲपमधली कमाई बँकेत नेहमीच्या मार्गाने पाठवली, तर ती इतर हजारो व्यवहारांसोबत गठ्ठ्याने जाते. म्हणून हा मार्ग स्वस्त, पण एक-दोन कामाचे दिवस लागतात. ‘लगेच काढा’ दाबलं की रक्कम व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून थेट डेबिट कार्डवर ढकलली जाते, बहुधा अर्ध्या तासात. त्या प्रत्येक व्यवहाराचे पैसे जाळ्याला द्यावे लागतात. शिवाय ग्राहकाने भरलेली रक्कम अनेकदा ॲपकडे पोचलेलीच नसते. ते स्वतःच्या खिशातून आगाऊ देतं आणि उद्या ग्राहकाने परतावा मागितला तर धोकाही त्याचाच.

खरी मेख ठरावीक शुल्कात आहे. समजा दर वेळी 1 कापला जातो. रोज 20 असे सहा दिवस काढले, तर 120 वर 6 गेले, म्हणजे 5 टक्के! शनिवारी एकदम काढले, तर फक्त 1. शुल्क टक्केवारीने असेल, तर साठवून काही वाचत नाही. तिथे किमान शुल्क किती, एवढं मात्र नक्की पाहा.

कार्ड नाकारलं गेलं, तर ते क्रेडिट कार्ड आहे का किंवा बँकेला अशी जमा चालते का, हे आधी तपासा.