उन्हाळी भाजीच्या वाफ्यावर काड, पालापाचोळा की प्लास्टिक? पारख कशी करावी

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा भाजीच्या वाफ्यावर कोणते आच्छादन घालावे हे शेजाऱ्याचे पाहून ठरवू नये. आपल्याच एका वाफ्यावर आठ दिवसांत त्याची पारख करता येते.

समजा, काळ्या जमिनीत वांग्याचा १२ फूट लांब व ३ फूट रुंद वाफा आहे आणि त्यात ठिबकची नळी टाकलेली आहे. त्याचे ३-३ फुटांचे चार भाग करावेत व पहिला भाग उघडाच ठेवावा, कारण तुलना त्याच्याशीच करायची आहे. आधी वाफा पूर्ण भिजवावा. कोरड्या मातीवर आच्छादन घातले, तर ते कोरडेपणाच झाकून ठेवते. दुसऱ्या भागावर गव्हाचे लांब काड चार बोटे जाड अंथरावे. मळणी यंत्रातला बारीक भुसा यासाठी चालत नाही. तो दबून बसतो आणि शिवाय तो जनावरांचा चारा आहे. तिसऱ्या भागावर वाळलेला पाला तेवढाच जाड घालावा. कडुनिंबाचा पाला वावटळीत उडतो, म्हणून जळगावकडे सहज मिळणारी केळीची वाळलेली पाने वीतभर तुकडे करून वापरणे मला अधिक योग्य वाटते. चौथ्या भागावर चंदेरी-काळे प्लास्टिक चंदेरी बाजू वर ठेवून, नळी खाली राहील असे ताणून बसवावे.

यानंतर तीन दिवस पाणी बंद ठेवावे आणि चौथ्या दिवशी दुपारी दोन-तीनच्या सुमारास प्रत्येक भागात दोन इंच खोलीवर मातीचा तापमापक खोचावा. मग चार इंच खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा होऊन टिकला तर ओल पुरेशी आहे. भुगा झाला तर नाही. पाणी देऊन हीच तपासणी पुन्हा एकदा करावी, म्हणजे एका दिवसाच्या वाऱ्या-उन्हाने फसगत होत नाही. उघड्या भागाला भेगा पडू लागलेल्या सहसा याच वेळी दिसतात.

निकाल वाचताना ओल आणि गारवा वेगळे मोजावेत. प्लास्टिकखाली ओल बहुधा सर्वांत जास्त टिकते, पण माती काडाखालच्या इतकी गार राहत नाही. काळी बाजू वर राहिली तर ती अधिकच तापते. प्लास्टिकखालचे तापमान ३५ अंशांच्या पुढे जात असेल, तर त्यावर काडाचा पातळ थर टाकावा. रोपाचे खोड छिद्राच्या कडेला टेकले की तेथे भाजल्यासारखा तपकिरी डाग पडतो, म्हणून छिद्र खोडापासून दोन-तीन बोटे मोकळे असावे.

काड व पाला यांना वाळवीचा धोका असतो. दर आठवड्याला थर उचलून पाहावा. खाली मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर तेवढा भाग काढून टाकावा आणि नवा थर खोडापासून वीतभर दूर ठेवावा.

ठिबक नसेल आणि पाणी झारीने किंवा पाटाने देत असाल, तर प्लास्टिकचा विचार सोडून काड घ्यावे. वाफ्यात लव्हाळा असल्यास मात्र आधी तो गाठींसह खणून काढावा. त्याचे टोकदार कोंब प्लास्टिकसुद्धा भोसकून वर येतात.