मनातले लिहावे, पण घड्याळ लावून
मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांच्या १९८६ मधील अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे लेखन केले. क्लेशदायक अनुभवातील घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचे पुढील महिन्यांत आजारपणासाठी आरोग्य केंद्रात जाणे कमी झाले, मात्र लिहून उठताना त्यांचे मन अधिक जड झालेले असे. म्हणूनच गजर वाजताच, वाक्य अर्धे असले तरी, थांबावे. नाहीतर लेखन त्याच दुःखाभोवती फिरत राहते. तिसऱ्या दिवशीही ‘त्याने असे का केले’ एवढेच उमटत असेल, तर ‘मी तेव्हा गप्प राहिले, कारण…’ असे पुढे लिहून पाहावे, कारण दिवसागणिक कार्यकारणभाव उलगडत गेलेल्यांना अधिक लाभ झाल्याचे नंतरच्या विश्लेषणात दिसले. लिहिताना मन सावरेनासे झाले, तर मात्र विषय बदलावा.